राजीनामा देण्याआधी: ऑफर लेटरमधल्या मेडिकल आणि कागदपत्रांच्या अटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः कारखान्यात नोकरी बदलणाऱ्यांसाठी आहे: चाकण, भोसरी, रांजणगाव, कुरकुंभ, महाड, अंबड अशा ठिकाणी मेंटेनन्स, प्रॉडक्शन, क्वालिटी या खात्यांत काम करणारे. ऑफिसच्या नोकरीत मेडिकल बऱ्याचदा नावापुरतं असतं. कारखान्यात तसं नसतं.

ऑफर लेटर हातात आहे. मग राजीनाम्याला थांबायचं कशाला?

कारण बहुतेक ऑफर लेटर सशर्त असतात. पगार आणि पद पहिल्या पानावर ठळक अक्षरात असतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य असतं: ही नेमणूक उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरण्यावर आणि कागदपत्रांच्या समाधानकारक पडताळणीवर अवलंबून राहील. अट पूर्ण झाली नाही तर कंपनी ऑफर मागे घेऊ शकते, आणि ते पत्रातच लिहिलेलं असल्यामुळे नंतर भांडायला फारशी जागा उरत नाही.

राजीनाम्याचं तसं नाही. तो एकदा गेला की मागे घेणं बहुतेक वेळा मालकाच्या मर्जीवर असतं, आणि तोवर तुमच्या जागी माणूस शोधायला सुरुवात झालेली असते. म्हणजे एका बाजूला जर-तर, दुसऱ्या बाजूला पक्कं. मधले आठ-दहा दिवस वापरून त्या जर-तरमधलं जेवढं मिटवता येईल तेवढं मिटवायचं.

पत्रात या अटी नेमक्या कुठे शोधायच्या?

‘मेडिकल’ हा शब्द शोधून थांबू नका. ‘अधीन राहून’, ‘समाधानकारक’, ‘कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडून’, ‘कोणत्याही टप्प्यावर’ या अर्थाचे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलने खूण करा. जोडलेली कागदपत्रांची यादीही अटींचाच भाग असते. ती बऱ्याचदा वेगळ्या फाइलमध्ये येते आणि न उघडता राहून जाते.

वाचताना एकच प्रश्न धरून चला: ही अट मी राजीनाम्याआधी पूर्ण करू शकतो, की राजीनाम्यानंतरच? मेडिकल, शिक्षणाची प्रमाणपत्रं, आधीच्या कंपन्यांची पत्रं, पत्त्याचा पुरावा हे सगळं आधी होऊ शकतं. सध्याच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आणि तिथली चौकशी नंतरच होते. एचआरला विचारायचं ते या पहिल्या गटाबद्दल. दुसऱ्या गटाबद्दल फक्त ‘कधीपर्यंत चालेल’ एवढंच विचारायचं.

विचारलं तर ‘याला काहीतरी आजार असणार’ असा संशय येणार नाही का?

कसं विचारता त्यावर आहे. ‘मेडिकलमध्ये कोणी नापास होतं का?’ असं विचारलंत तर येईल. ‘मेडिकल कधी आणि कुठे असतं?’ असं विचारलंत तर तो वेळापत्रकाचा प्रश्न होतो, आणि एचआरला तो रोज ऐकायची सवय असते. त्यांनाही उमेदवार वेळेवर रुजू व्हायला हवा असतो. नोटीस पिरियडच्या शेवटी मेडिकल अडलं तर त्यांचीही जागा दोन महिने रिकामी राहिलेली असते.

कारण म्हणून नोटीस पिरियड सांगायचा, भीती नाही. ‘माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे, म्हणून क्रम ठरवतोय’ हे वाक्य खरंही आहे आणि कोणाला टोचतही नाही.

फोन करू की मेल?

आधी फोन, मग त्याच दिवशी मेल. फोनवर माणूस मोकळेपणाने सांगतो (‘अहो, मेडिकल आपल्याच पॅनेलच्या लॅबमध्ये असतं, सोमवारी पाठवते’), पण फोनवरचं बोलणं तीन महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही. त्यातच ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर विषयच संपला. कन्सल्टन्सीमार्फत ऑफर आली असेल तर त्यांनाही कळवा, पण उत्तर कंपनीच्या मेलवरूनच आलेलं हवं. ‘काही काळजी करू नका, सगळं फॉर्मॅलिटी आहे’ हे कन्सल्टंटचं वाक्य कंपनीला बांधत नाही.

सोमवारी सकाळी आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत फोन टाळा. तेव्हा पगाराचं काम चालू असतं.

मेलमध्ये नेमकं काय लिहू?

हा नमुना बघा. मेल इंग्रजीत पाठवायचा असला तरी वाक्यांचा क्रम हाच ठेवा.

> विषय: ऑफर लेटर – रुजू होण्याआधीच्या अटींबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> मेंटेनन्स इंजिनिअर पदाचं ऑफर लेटर मिळालं, आभारी आहे. पद, पगार आणि 15 मे ही रुजू होण्याची तारीख मला मान्य आहे.
>
> पत्रातल्या कलम 7 प्रमाणे नेमणूक वैद्यकीय तपासणी आणि कागदपत्रांच्या पडताळणीवर अवलंबून आहे. माझा नोटीस पिरियड 60 दिवसांचा असल्यामुळे राजीनामा देण्यापूर्वी ही दोन कामं पूर्ण करावीत असा विचार आहे. त्यासाठी कृपया एवढं कळवाल का:
>
> वैद्यकीय तपासणी कुठे होते, त्यात कोणत्या चाचण्या असतात आणि ती याच आठवड्यात करता येईल का? निकाल मला मेलवर मिळेल का?
>
> यादीतली कोणती कागदपत्रं आत्ता द्यायची आणि कोणती रुजू होताना? सध्याच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर शेवटच्या दिवसानंतरच मिळेल, तोवर राजीनामा स्वीकारल्याचं पत्र चालेल का?
>
> मी 9 किंवा 10 मार्चला सकाळी उपाशीपोटी येऊ शकतो. तपासणीत योग्य ठरल्याचं तुमच्याकडून कळलं की दुसऱ्या कामाच्या दिवशी राजीनामा देऊन त्याची प्रत पाठवतो.

सुरुवातीलाच मान्यता दिल्यामुळे हा माणूस पगारासाठी रेटत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. कलमाचा आकडा दिला की उडवाउडवीचं उत्तर देणं अवघड जातं. तारखा तुम्हीच सुचवल्या की समोरच्याला फक्त ‘हो’ म्हणायचं राहतं. आणि शेवटच्या वाक्यात तुम्ही शब्द देता, त्यामुळे मेडिकल लवकर करून देण्यात कंपनीचाही फायदा दिसतो.

ऑफर स्वीकारण्याची मुदत संपत आली असेल तर सही करून पाठवा. ऑफर स्वीकारणं आणि राजीनामा देणं ही दोन वेगळी पावलं आहेत. पहिलं टाकलं म्हणून दुसरं त्याच दिवशी टाकायचं नसतं.

एचआर म्हणतात, ‘आमच्याकडे मेडिकल जॉइनिंगच्या दिवशीच होतं.’ आता?

हे उत्तर अनेकदा येतं आणि ते नेहमी खोटं नसतं. काही कारखान्यांत डॉक्टर ठरावीक दिवशीच येतात. तेव्हा तीन गोष्टी एकेक करून विचारा, एकदम नको.

पहिली: पॅनेलवरच्या लॅबमध्ये स्वखर्चाने आधी करून घेतलं आणि रिपोर्ट पाठवला तर कंपनीचे डॉक्टर तो बघून मत देतील का? हे बऱ्याचदा जमतं. दुसरी: निदान चाचण्यांची यादी तरी मिळेल का? यादी मिळाली तर त्याच चाचण्या तुम्ही बाहेर करून स्वतःची खात्री करू शकता. कंपनीचा शिक्का मिळत नाही, पण धक्का बसायची शक्यता बरीच कमी होते. तिसरी: तपासणीत काही निघालं तर ऑफर लगेच रद्द होते, की उपचार करून पुन्हा तपासणीची संधी असते?

तिन्हींना ‘नाही’ आलं तर मग तुमच्या तब्येतीचा इतिहास आणि कामाचं स्वरूप बघून निर्णय तुमचा. वयाची तिशी, जुना आजार नाही, डिझाइनचं काम, असं असेल तर धोका लहान आहे. बीपीची गोळी चालू, आवाजाचं किंवा उंचीवरचं काम, असं असेल तर मेडिकलशिवाय राजीनामा देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मेडिकलमध्ये काय तपासतात आणि लोक अडकतात कुठे?

सर्वसाधारण भाग सगळीकडे सारखा: उंची-वजन, बीपी, रक्ताची तपासणी, उपाशीपोटी साखर, लघवी, छातीचा एक्स-रे, नजर. वय जास्त असेल तर ईसीजी. खरा फरक कामाप्रमाणे पडतो. आवाजाच्या शॉपमध्ये ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची चाचणी, धूळ किंवा रसायन असेल तिथे फुंकर मारायची फुफ्फुसाची चाचणी, उंचीवर चढायचं असेल तर चक्कर येते का ते बघणं, आणि वायरिंग, पॅनेल, क्रेन, रंगकाम, फार्मातली तपासणी अशा कामांना रंगदृष्टी. धोकादायक प्रक्रियेच्या कामावर माणूस लावण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी कायद्यानेच घ्यावी लागते, त्यामुळे रासायनिक कारखान्यात ‘चालवून घ्या’ म्हणून उपयोग होत नाही. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांचं मेडिकल तर दरवर्षी व्हावं लागतं.

रंगदृष्टीवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे माणसाला आधी कल्पनाच नसते. ठिपक्या-ठिपक्यांची पानं दाखवतात आणि त्यात लपलेला आकडा वाचायला सांगतात. लाल-हिरव्यातला फरक जन्मतः कमी कळणारे पुरुष बरेच असतात, आणि रोजच्या आयुष्यात अडत नाही म्हणून तिशीपर्यंत ते लक्षातही येत नाही. यावर गोळी नाही, चष्माही नाही. म्हणून इलेक्ट्रिकल मेंटेनन्सची ऑफर असेल आणि ही चाचणी कधीच झाली नसेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन पाच मिनिटांत ती आधी करून घ्या.

बाकीच्या अडचणी बऱ्याचदा तयारी नसल्यामुळे होतात. धावतपळत, चहा पिऊन आलेल्या माणसाचं बीपी जास्त दिसतं; अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको आणि मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसू द्या असं सांगायला लाजू नका. साखरेसाठी आठ ते दहा तास उपाशी, पाणी चालतं. पाळीच्या दिवसांत लघवीच्या नमुन्यात रक्त दिसतं, म्हणून तारीख बदलून मागा. चष्मा असेल तर तो न्यायचाच. पूर्वी टीबी होऊन बरा झाला असेल तर फुफ्फुसावर जुना व्रण एक्स-रेत दिसतो. उपचार पूर्ण झाल्याचं कार्ड आणि जुना एक्स-रे सोबत असला तर तो जुना आहे हे डॉक्टरांना तिथल्या तिथे कळतं, नसला तर पुढच्या तपासण्यांत पंधरा दिवस जातात.

मला बीपी किंवा शुगर आहे. एचआरला आधीच सांगू का?

एचआरला नाही, डॉक्टरांना सांगा. तपासणीच्या वेळी जो फॉर्म भरायचा असतो त्यात आजार आणि चालू गोळ्या विचारतात; तिथे खरंच लिहा. खोटं लिहिलं आणि नंतर उघड झालं, तर आजारापेक्षा ती सही जास्त महागात पडते. गोळी घेऊन आटोक्यात असलेलं बीपी किंवा साखर यामुळे बहुतेक कामांना अडचण येत नाही. तपासणीच्या दिवशी गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, स्वतःहून बंद करू नका. गेल्या काही महिन्यांचे रिपोर्ट सोबत ठेवा.

कोणत्या तपासणीला हरकत घेता येते?

नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. यादीत ती दिसली तर आरडाओरड न करता विचारा: ‘यादीत एचआयव्ही चाचणी दिसते आहे. ती वगळलेली सुधारित यादी मिळेल का?’ बऱ्याचदा लॅबचं जुनं पॅकेज तसंच्या तसं पाठवलेलं असतं आणि ती गुपचूप काढली जाते.

गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर एक्स-रेआधी तिथल्या टेक्निशियनला सांगा आणि एक्स-रे पुढे ढकलायला सांगा. लॅबने कंपनीला एवढंच कळवावं की तो भाग नंतर होईल. कारण तुम्ही सांगाल तेव्हाच.

रिलीव्हिंग लेटर आणल्याशिवाय घेत नाही म्हणतात, आणि ते राजीनाम्याशिवाय मिळत नाही. हे कसं सोडवायचं?

हा घोळ नुसता कागदावरचा असतो. कंपनीला तुम्ही खरोखर सोडून येताय याचा पुरावा हवा असतो, आणि तो टप्प्याटप्प्याने देता येतो: आधी राजीनाम्याची प्रत, मग तो स्वीकारल्याचा आणि शेवटची तारीख लिहिलेला मेल, मग रिलीव्हिंग लेटर. प्रश्न फक्त मुदतीचा असतो. काही कंपन्या हिशोब पूर्ण झाल्यावरच पत्र देतात आणि त्यात आठवडे जातात. म्हणून ‘रुजू झाल्यावर किती दिवसांत दिलं तर चालेल?’ एवढाच प्रश्न विचारा आणि आलेला आकडा जपून ठेवा.

दोन नोकऱ्यांपूर्वीच्या कंपनीचं पत्रच नाही. ऑफर जाईल का?

लपवलं तर जाऊ शकते, आधी सांगितलं तर सहसा नाही. ती कंपनी बंद पडली असेल किंवा पत्र देत नसेल तर पर्यायी पुरावे गोळा करा: नेमणूक पत्र, सॅलरी स्लिपा, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16 आणि पीएफची नोंद. पीएफच्या सदस्य पोर्टलवर `View` खाली `Service History` उघडा. पडताळणी करणारेही बऱ्याचदा तिथूनच सुरुवात करतात.

तिथे दोन गोष्टी बघा. नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का, आणि दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या नाहीत ना. सोडल्याची तारीख जुन्या मालकाने भरलीच नसेल तर कागदावर तुम्ही अजून तिथेच आहात आणि एका वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले असतील तर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून ती तुम्ही स्वतः भरू शकता.

प्रमाणपत्रांवर नाव वेगवेगळं आहे. हे विचारायचं का?

हो, आणि राजीनाम्याआधीच. आपल्याकडे हे घरोघरी असतं: दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. नुसत्या क्रमातला फरक सहसा चालतो. स्पेलिंगमधला फरक किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, यातलं काय चालेल ते विचारा. राजपत्राला वेळ लागतो. रुजू होण्याच्या आठवड्यात ते कळून उपयोग नाही.

चौकशीसाठी ते माझ्या सध्याच्या कंपनीत फोन करतील का?

करू शकतात. पडताळणीच्या फॉर्मवर ‘सध्याच्या मालकाशी संपर्क करावा का’ असा रकाना बहुधा असतो. तिथे ‘राजीनामा स्वीकारल्यानंतर’ असं लिहा आणि मेलमध्येही एक ओळ टाका. रकाना नसेल तर फॉर्म तसाच भरून पाठवू नका, आधी विचारा. राजीनाम्याआधी बॉसला बाहेरच्या एजन्सीचा फोन गेला, तर पुढचं सगळं नियोजन फुकट जातं.

एखादं उदाहरण तारखांसह दाखवाल का?

समजा भोसरीच्या प्रेस शॉपमधल्या मेंटेनन्स इंजिनिअरला कुरकुंभच्या रासायनिक कारखान्याची ऑफर 3 मार्चला आली. नोटीस 60 दिवस, रुजू होण्याची तारीख 15 मे. त्याने 4 तारखेला फोन करून वरचा मेल पाठवला, 6 तारखेला उत्तर आलं, सोमवारी 9 मार्चला मेडिकल ठरलं.

चूक इथे झाली: तो रविवारची रात्रपाळी करून सरळ लॅबमध्ये गेला. रात्रभर प्रेसच्या आवाजात राहिल्यावर कान तात्पुरते बधिर होतात आणि ऑडिओमेट्रीत 4000 हर्ट्झच्या आसपास ऐकणं कमी दिसतं. कायमचं नुकसानही याच जागी दिसायला लागतं, त्यामुळे एका चाचणीवरून डॉक्टरांना फरक करता येत नाही. 11 तारखेला निकाल आला: बाकी ठीक, ऑडिओमेट्री पुन्हा करा.

त्याने घाबरून वाद घातला नाही. एवढंच लिहिलं: ‘चाचणीच्या आधी मी रात्रपाळीत होतो. गुरुवारी सुट्टी आहे, म्हणून शुक्रवारी 13 तारखेला सकाळी पुन्हा चाचणी देऊ का?’ पूर्ण दिवस-रात्र आवाजापासून लांब राहिल्यावर आलेख नीट आला (अशा चाचणीआधी निदान 14 तास शांतता हवी असते). शनिवारी 14 ला योग्य असल्याचा मेल, सोमवारी 16 मार्चला राजीनामा. 60 दिवस मोजले की शेवटचा दिवस येतो 15 मे, म्हणजे नेमका रुजू होण्याचा दिवस. त्यामुळे राजीनामा देण्याआधीच त्याने सोमवार, 18 मे ही तारीख मेलवर मागून घेतली. तपासणीसाठी गेलेले दिवस असे पुढे सरकतात. कंपन्या दोन-चार दिवसांना सहसा नाही म्हणत नाहीत, पण ते राजीनाम्याआधी मागावे लागतात.

निकाल ‘तात्पुरते अयोग्य’ आला तर?

म्हणजे नकार नाही. कारण लेखी मागा, रिपोर्टची प्रत मागा आणि पुन्हा तपासणी किती दिवसांनी होईल ते विचारा. तोवर राजीनामा नाही. ‘अटींसह योग्य’ आला (चष्मा लावून, उंचीवरचं काम वगळून वगैरे) तर आणखी एक गोष्ट तपासा: ती अट पाळून तुमच्या पदाचं काम होणार आहे का, आणि त्या खात्याच्या मॅनेजरला हे माहीत आहे का. एचआरने हो म्हटलं आणि शॉपफ्लोअरवर कोणाला पत्ताच नाही, असं होतं.

मेलला उत्तरच येत नाही, आणि उलट ‘दोन दिवसांत राजीनामा स्वीकारल्याची प्रत पाठवा’ म्हणतात.

दोन कामाचे दिवस थांबून त्याच मेलच्या खाली लिहा: ‘राजीनाम्याची प्रत पाठवायला मी तयार आहे. वैद्यकीय तपासणीची तारीख कळली की निकालानंतर लगेच देतो. यासाठी रुजू होण्याची तारीख पुढे न्यावी लागत असेल तर तसं कळवा.’ मग फोन करा. तरीही लेखी काहीच मिळत नसेल आणि घाई मात्र चालू असेल, तर ज्या खात्यात काम करायचं आहे त्या मॅनेजरला एकदा फोन करून तारखेची अडचण सांगा. त्याला माणूस हवा असतो, त्यामुळे एचआरकडे अडकलेला मेल बऱ्याचदा त्याच्या एका फोनवर सुटतो.

कामावर घेण्यासाठी, मेडिकलसाठी किंवा ‘फाइल पुढे सरकवण्यासाठी’ कोणी पैसे एखाद्याच्या खासगी खात्यावर मागितले तर तिथेच थांबा. पॅनेलवरच्या लॅबचे पैसे लॅबच्या काउंटरवर, पावती घेऊनच भरायचे असतात.